थराची उंची की थराची जाडी?

तक्त्याला तीन रकाने होते. पहिल्यात पडद्यावर दिसणारा इंग्रजी शब्द, दुसऱ्यात सुचवलेला मराठी शब्द आणि तिसरा, 'शेरा' असं वर लिहिलेला, रिकामा. कोल्हापुरातल्या एका कार्यशाळेत पॅटर्नमेकरांसाठी थ्रीडी प्रिंटिंगचा संध्याकाळचा अभ्यासक्रम सुरू व्हायचा होता आणि त्याची पुस्तिका मराठीत हवी होती. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना लागणारे पॅटर्न आजवर सागवानात किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये होत आले. नग थोडे असतील तर आता प्लास्टिकचा छापलेला पॅटर्नही चालतो. त्यामुळे पन्नाशीतल्या सुतारापासून नुकत्याच आयटीआय झालेल्या पोरापर्यंत सगळे एकाच वर्गात बसणार होते.

तक्ता केला होता परिभाषेचं काम करणाऱ्या बाईंनी. कोश आणि प्रश्नपत्रिकांची भाषांतरं यांत त्यांची बरीच वर्षं गेलेली. तक्ता तपासायला होते कार्यशाळेचे निदेशक. आयुष्य लेथ आणि मिलिंगवर काढलेले आणि अलीकडे प्रिंटरच्या नादी लागलेले. बाईंचं म्हणणं साधं होतं: एका संकल्पनेला एकच शब्द आणि तो पुस्तिकेपासून परीक्षेपर्यंत तोच. निदेशकांचं त्याहून साधं: पडद्यावर जे लिहिलंय ते पोरांनी वाचावं, मराठीच्या फंदात कशाला पडायचं?

पहिल्या ओळीवरच गाडी अडली. `Layer height` समोर बाईंनी 'स्तर-उंची' लिहिलं होतं.

"स्तर नको, थर म्हणा," निदेशक म्हणाले. "गिलाव्याचा थर, रंगाचा थर, दहीहंडीचे थर. माणसाला लगेच दिसतं. पण मॅडम, खरं भांडण थराशी नाहीच, उंचीशी आहे. मी पोराला सांगतो, थराची उंची शून्य पॉइंट दोन ठेव. तो विचारतो, कुठल्या थराची? पहिल्याची की वरच्या?"

"म्हणजे?"

"त्याच्या डोक्यात उंची म्हणजे बेडपासूनची उंची. पन्नासावा थर दहा मिलिमीटर उंचीवर असतो ना? मग त्याची उंची दहा. चुकलं काय त्याचं?"

बाईंनी हे लगेच मान्य केलं नाही. इंग्रजीत 'हाइट' आहे, माप उभ्या अक्षावरचं आहे, आणि उभ्या मापाला मराठीत उंचीच म्हणतात. जाडी हा शब्द पत्र्याला, फळीला, भिंतीला. पुढे याच तक्त्यात `Wall thickness` येणार होतं, तिथे 'भिंतीची जाडी' लागेलच. दोन मापांना एकच शब्द द्यायचा का?

निदेशकांनी उत्तर देण्याऐवजी प्रुसास्लायसरमधून काढलेली एक जी-कोड फाइल उघडली आणि दुसरा थर जिथे सुरू होतो तिथे बोट ठेवलं.

```
;LAYER_CHANGE
;Z:0.4
;HEIGHT:0.2
```

या तीन ओळी वाचता आल्या की वाद बराच सुटतो. पहिली सांगते, थर बदलला. दुसरी सांगते की हा थर छापताना नोझल बेडपासून ०.४ मिलिमीटरवर असेल. तिसरी सांगते की या थरात प्लास्टिकचा जो पट्टा पडेल तो ०.२ मिलिमीटरचा. मराठी माणूस ज्याला उंची म्हणेल ती फाइलमध्ये `Z` या नावाने बसली आहे, आणि `HEIGHT` म्हणून जे लिहिलंय ते आपल्या भाषेत जाडी आहे. इंग्रजी शब्दाकडे पाहून भाषांतर केलं असतं तर नेमकी ही अदलाबदल पुस्तिकेत शिरली असती.

जाडीच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि ते यंत्राच्या कामातून येतं. ०.४ मिलिमीटर भोकाच्या नोझलमधून वितळलेला धागा बाहेर येतो तो गोल, पण बेडवर तो गोल राहायला नको असतो. खालच्या थरावर तो दाबला जाऊन चपटा व्हावा लागतो, तेव्हाच तो खालच्याला चिकटतो. म्हणून थराची जाडी नोझलच्या भोकापेक्षा बरीच कमी ठेवतात, ०.४ च्या नोझलला ०.२ ही नेहमीची, आणि ०.३ च्या आसपास वरची मर्यादा धरलेली बरी. लोभाने ती ०.४ केली की धागा नुसता वर ठेवल्यासारखा पडतो. बाहेरून नग ठीक दिसतो, पण हाताने वाकवला की थराथरातून पुस्तकाच्या पानांसारखा सुटतो. पत्रा, फळी, गिलावा यांच्याशी ज्यांचा हात बसलेला आहे त्यांना 'जाडी' म्हटल्यावर दाबणं, चपटं होणं आपोआप सुचतं. 'उंची'त ते येत नाही.

"बरं, थराची जाडी," बाईंनी खोडून लिहिलं. "भिंतीची जाडी वेगळी राहील, कारण पुढे 'भिंतीची' हा शब्द आहे. पण सर, तुम्ही तर मघाशी म्हणत होता की पडद्यावरचंच वाचू द्या."

"ते अजून म्हणतोच. शिकवताना जाडी म्हणू. बटण शोधताना पोराला इंग्रजीच लागणार."

"कुठल्या पडद्यावरचं इंग्रजी?"

हा प्रश्न निदेशकांना अनपेक्षित होता, आणि बाई तयारीने आल्या होत्या. कार्यशाळेत दोन प्रिंटर होते, दोघांचे स्लायसर वेगळे. आतल्या भागात किती प्लास्टिक घालायचं हे ठरवणाऱ्या आकड्याला क्युरा `Infill Density` म्हणतो, प्रुसास्लायसर `Fill density` म्हणतो आणि ऑर्कास्लायसर `Sparse infill density`. नगाच्या कडेने किती फेरे मारायचे, याला क्युरात `Wall Line Count` असं नाव, प्रुसास्लायसरमध्ये `Perimeters`, ऑर्कात `Wall loops`. काम तेच, बटणं तीन. पडद्यावरचा शब्द हीच परिभाषा मानली तर यंत्र बदललं की विद्यार्थ्याची परिभाषाही बदलते. मराठी शब्द मधे असेल तर तो तिन्ही पडद्यांवर तेच बटण शोधेल.

इंग्रजीचा हा घोळ जुना आहे आणि त्याला धंद्याचीही कारणं आहेत. वितळलेला धागा थरावर थर घालण्याच्या पद्धतीला जग एफडीएम म्हणतं, पण ते नाव स्ट्रॅटासिस कंपनीचा ट्रेडमार्क. म्हणून रेपरॅप प्रकल्पातल्या मंडळींनी, ज्यांनी स्वतःचे सुटे भाग स्वतः छापणारा प्रिंटर करायला घेतला होता, एफएफएफ हे दुसरं नाव चालवलं. आयएसओ आणि एएसटीएम यांच्या संयुक्त मानकाने या दोघांना बाजूला ठेवून पद्धतींचे सात वर्ग केले आणि या वर्गाला 'मटेरियल एक्स्ट्रुजन' म्हटलं. तीन नावं, एक यंत्र. मराठीत शब्द करताना 'मूळ इंग्रजीशी प्रामाणिक' राहायचं म्हटलं तर आधी मूळ कुठलं ते ठरवावं लागतं.

निदेशक हसले. "म्हणजे इंग्रजांनाही तुमच्यासारखा कोश लागला म्हणायचं."

यावर बाईंनी महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाची आठवण काढली. १९६० पासून ही कचेरी शासनासाठी परिभाषा कोश करत आली आहे, आणि त्या कोशांची टिंगल करणं हा मराठी माणसाचा आवडता छंद आहे. टिंगलीत तथ्य असतंच. पण ती करणारा माणूस 'दिनांक' आणि 'स्वाक्षरी' लिहिलेल्या अर्जावर सही करूनच घरी जातो, हेही खरं.

दुसरी ओळ `Infill`. बाईंचा शब्द 'अंतर्भरण'. निदेशकांनी तो मोठ्याने एकदा वाचला आणि काही न बोलता तक्ता परत केला.

"कळलं," बाई म्हणाल्या. "मग भराव?"

भराव हा शब्द इथे घरचा आहे. रस्त्याला मुरमाचा भराव घालतात, वेल्डिंगवाला खड्ड्यात भराव देतो. पण निदेशकांना त्यातच धोका दिसला. भराव म्हटलं की ठासून भरणं डोळ्यापुढे येतं, आणि थ्रीडी प्रिंटमध्ये आत ठासलेलं काहीच नसतं. नग मधोमध कापला तर कडेला दोन-तीन धाग्यांची भिंत, वर-खाली काही भरीव थर आणि मधे विरळ जाळी दिसते. चौकटीची, षटकोनी, नाहीतर गायरॉइड नावाची लाटांसारखी वळणारी. हा गायरॉइड अ‍ॅलन शोन यांनी नासात काम करताना १९७० मध्ये मांडला. तेव्हा तो गणिताचा विषय होता, आज कुठल्याही स्लायसरच्या यादीत सापडतो. कार्यशाळेतली पोरं या सगळ्याला 'आतली जाळी' म्हणतात. निदेशकांना तोच शब्द हवा होता.

"जाळी म्हणजे आकार झाला," बाई म्हणाल्या. "आणि शंभर टक्के केलं की? जाळी उरेल का?"

"नाही. भरीव होईल."

"म्हणजे 'शंभर टक्के जाळी' हे वाक्य चुकीचं, 'शंभर टक्के भराव' बरोबर. मापाला भराव घ्या आणि नक्षीला जाळी. मराठीत पोकळ आणि भरीव ही जोडी आहेच, भराव तिच्याच घरातला."

तोड चांगली होती. पण बाईंनी मापासाठी लिहिलेला पूर्ण शब्द होता 'भराव घनता', आणि तिथे निदेशक खरोखर चिडले. घनता म्हणजे दर घन सेंटिमीटरला किती ग्रॅम, हे पोरगं शाळेतून शिकून येतं. पीएलए प्लास्टिकची घनता साधारण १.२४. आता त्याला 'भराव घनता वीस टक्के' सांगितलं तर तो प्लास्टिकच हलकं झालं असं समजेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे नगाचं वजन भरीव नगाच्या वीस टक्के होईल असं धरून मालाचा हिशोब करेल. दुसरी चूक वर्गात हमखास होते. गिऱ्हाइकाला दर सांगताना ती अंगाशी येते.

त्यांनी फळ्यावर २० मिलिमीटरचा ठोकळा काढला. हा ठोकळा प्रत्येक नवा प्रिंटरवाला छापतो, त्यामुळे खोक्यात पडलेले पुष्कळ असतात. पूर्ण भरीव असेल तर आठ घन सेंटिमीटर, म्हणजे साधारण ९.९ ग्रॅम. आता कडेला दोन धाग्यांची, म्हणजे ०.८ मिलिमीटर भिंत, आणि वर-खाली तेवढेच भरीव थर. आत उरतो १८.४ मिलिमीटरचा ठोकळा, ६.२३ घन सेंटिमीटरचा. याचा अर्थ नुसत्या सालीतच १.७७ घन सेंटिमीटर प्लास्टिक गेलं. वीस टक्के लागू होतात ते फक्त आतल्या भागाला. ते झाले सुमारे १.२५. दोन्ही मिळून ३.०२ घन सेंटिमीटर, वजन साधारण पावणेचार ग्रॅम. भरीव ठोकळ्याच्या ३८ टक्के.

"वीस म्हणालो आणि अडतीस आले," निदेशक म्हणाले. "आता भराव वीसवरून शून्यावर आणला तरी सालीचे सव्वादोन ग्रॅम जायचेच. लहान नगात साल जास्त खाते, मोठ्यात जाळी खाते. हे त्या 'घनते'त कुठे दिसतंय?"

बाईंनी 'घनता' काढली आणि 'भरावाचं प्रमाण' लिहिलं. त्याखाली शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ घातली: 'हे प्रमाण भिंती आणि वर-खालचे भरीव थर सोडून उरलेल्या आतल्या जागेचं आहे.' तिसऱ्या रकान्यात पडलेली ही पहिली ओळ. शब्द कितीही नेमका असला तरी अशी ओळ जोडावी लागते, हे कोशकारांना ठाऊक असतं. छापील कोशात मात्र जागा नसते म्हणून शब्द एकटा जातो आणि बदनाम होतो.

याच हिशोबाचं एक पोटकलम निदेशकांनी सोडलं नाही. नग कमजोर निघाला की शिकाऊ माणूस आधी भराव वाढवतो. त्याच ठोकळ्यात भराव वीसऐवजी चाळीस केला तर वजन जातं ५.३ ग्रॅमवर. त्याऐवजी भराव वीसच ठेवून कडेचे फेरे दोनाचे चार केले तर ४.८ ग्रॅम. नग वाकतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कडेला येतो, आणि फेरे नेमके तिथेच माल घालतात. पॅटर्नसारख्या कामात, जिथे वाळू ठोकताना पृष्ठभाग दबायला नको, भिंत जाड करणं हाच सहसा शहाणा उपाय. म्हणून पुस्तिकेत 'भराव' या नोंदीशेजारीच 'भिंतीचे फेरे' ही नोंद हवी, वर्णानुक्रम काहीही म्हणो, असा त्यांनी हट्ट धरला. बाईंना वर्णानुक्रम मोडणं जड गेलं. पण त्यांनी तो मोडला.

चहा झाला आणि `Support structure` आलं. तक्त्यात 'आधार संरचना'. 'संरचना'ची गरज नाही यावर दोघांचं क्षणात एकमत झालं. प्रश्न 'आधार'चा होता.

इथे दोघांनी बाजू बदलल्या. आतापर्यंत इंग्रजीची तरफदारी करणारे निदेशक मराठीला चिकटले, आणि मराठी शब्द आणणाऱ्या बाई मागे सरू लागल्या. निदेशकांचा शब्द होता 'टेकू'. हवेत पुढे आलेल्या भागाखाली प्रिंटर जे ठिसूळ खांब उभे करतो ते काम झाल्यावर तोडून फेकायचे असतात. आधार म्हटलं की तो कायमचा वाटतो. आधार कोणी काढून घेतला तर मराठीत ती दुःखाची गोष्ट असते. टेकू मात्र काढण्यासाठीच दिलेला असतो.

"मग सेंट्रिंग का नको?" बाईंनी विचारलं. "स्लॅब टाकताना खालून देतात ते. स्लॅब धरला की काढतात. बांधकामावरचा प्रत्येक माणूस हा शब्द बोलतो."

"बांधकामावर. आमच्याकडे सेंटरिंग म्हणजे नगाचा मध्य काढणं. लेथवर सेंटर ड्रिल मारतात ते. एका वर्गात गवंड्याचं पोरगं आणि टर्नरचं पोरगं शेजारी बसवा आणि सेंट्रिंग म्हणा, एक खांब काढेल आणि दुसरा ड्रिल शोधेल."

हे बाईंना पटलं. पण टेकूवर त्यांचा आक्षेप वेगळा होता आणि तो जास्त खोल होता. टेकू खालून वजन पेलतो. धाग्याच्या प्रिंटरपुरतं ते बरोबर. पण रेझिनच्या प्रिंटरमध्ये नग उलटा, वरच्या पाटीला लटकत तयार होतो. तिथल्या सपोर्टच्या बारीक काड्या नगाला पाटीशी धरून ठेवतात, कारण प्रत्येक थर घट्ट झाल्यावर तो रेझिनच्या टाकीच्या तळाच्या पातळ पडद्यापासून ओढून सोडवावा लागतो आणि त्या ओढीत नग निसटू शकतो. लटकणाऱ्या वस्तूला टेकू देत नाहीत.

धातूच्या पावडरवर लेझर चालवणाऱ्या यंत्रात तर गोष्ट आणखी फिरते. तिथे सपोर्टचं मोठं काम नगाला खाली दाबून धरणं हे असतं. वितळून गोठताना धातू आकसतो, कडा वर उचलल्या जातात आणि पावडर पसरवणारं पातं त्यांवर आपटतं. सपोर्ट नगाला खालच्या जाड प्लेटशी बांधून ठेवतो आणि उष्णताही प्लेटकडे वाहून नेतो. छपाई संपल्यावर तो हाताने निघत नाही, वायरकट किंवा करवत लागते. उलट नायलॉनच्या पावडरचं यंत्र घ्या: तिथे न वितळलेली पावडरच नगाला सगळीकडून सावरते आणि वेगळे खांब सहसा लागतच नाहीत.

"एकाच शब्दात पेलणं, लटकावणं आणि बांधून ठेवणं तिन्ही आहे," बाई म्हणाल्या. "तुमचा टेकू त्यातलं एकच सांगतो. 'आधार' ढिला आहे, पण त्याच्या ढिलेपणात तिन्ही बसतात."

"माझ्या वर्गात लेझरचं यंत्र नाही मॅडम. माझ्या पोराला खांब तोडायचेत."

"आणि तोच पोरगा उद्या पुण्यात धातूच्या प्रिंटरवर लागला तर?"

निदेशक गप्प बसले ते हरले म्हणून नव्हे. त्यांना आपल्याच एका जुन्या विद्यार्थ्याचं उदाहरण आठवत होतं. अखेर असं ठरलं की नोंदीचा मुख्य शब्द 'सपोर्ट' राहील. तिन्ही यंत्रांवर तो चालतो आणि बस-स्टँडवरच्या माणसालाही कळतो. 'टेकू' हा शब्द फक्त धाग्याच्या प्रिंटरच्या प्रकरणात, सपोर्टचा एक प्रकार म्हणून यायचा. 'आधार' वगळला. बाईंनी स्वतःच वगळला, कारण त्यांच्या मते ढिला शब्द घ्यायचाच तर लोक वापरतात तो घ्यावा. शब्दशुद्धीवाल्यांना हा निकाल आवडणार नाही. प्रस्तुत लेखकाला तो योग्य वाटतो, कारण त्यात एक मराठी शब्द सपोर्टच्या बदल्यात न येता त्याच्या पोटात येतो, जास्त नेमकेपणाने.

टेकूच्या पोटात पुढे जे शब्द लागले ते भराभर सुटले, कारण ते कोणी घडवावे लागले नाहीत. टेकूचा माथा आणि नगाची खालची बाजू यांच्यात स्लायसर जी रिकामी जागा ठेवतो तिला 'फट' म्हटलं. ०.२ जाडीच्या थराला ती साधारण एका थराएवढी असते. फट फार कमी झाली की टेकू नगाला चिकटून बसतो आणि पकडीने ओढताना नगाचा टवका निघतो. फार वाढली की वरचा धागा हवेत पडून खाली झोळतो. नग उलटा करून पाहिलं की कळतं: खालच्या बाजूला धागे सुटे, लोंबलेले दिसले तर फट जास्त; तुटल्याचे पांढरे ओरखडे दिसले तर कमी. कोपरे उचलणं, थर सुटणं, माल कमी पडणं या बिघाडांच्या नावांवर वाद झालाच नाही. कार्यशाळेने ती आधीच ठेवलेली होती, आणि सगळी क्रियापदं होती. भांडणं झाली ती नामांवर.

शेवटची ओळ `Overhang`, म्हणजे खाली काही नसताना पुढे आलेला भाग. यावर बाईंकडे 'प्रलंबन' होतं, निदेशकांकडे 'छज्जा'. छज्जा आडवा असतो आणि ओव्हरहँग बहुतेकदा तिरपा, म्हणून छज्जा गेला. प्रलंबन ऐकून निकाल लांबणीवर पडलेला खटला आठवतो, म्हणून तेही गेलं. ओव्हरहँग तसाच राहिला. मात्र खरी अडचण त्याच्या कोनाच्या वाक्यात निघाली.

बाईंनी लिहिलं होतं: 'कोन ४५ अंशांपेक्षा जास्त असल्यास सपोर्ट द्यावा.' वाक्य मराठी म्हणून स्वच्छ. निदेशकांनी विचारलं, कोन कशापासून? उभ्या रेषेपासून की आडव्या पातळीपासून? बाईंना वाटलं, संदर्भाने कळेल. ४५ ला कळायची गरजच पडत नाही, कारण दोन्हीकडून तो तेवढाच भरतो. गंमत पुढे आहे. क्युरा हा कोन उभ्या रेषेपासून मोजतो. तिथे ० ठेवलं तर जरा झुकलेल्या भागालाही सपोर्ट मिळतो, ९० ठेवलं तर कशालाच नाही. प्रुसास्लायसर आडव्या पातळीपासून मोजतो आणि त्याच्या हिशोबात ९० म्हणजे सरळ उभी भिंत. म्हणून क्युरात ४५ चे ६० केले की सपोर्ट कमी होतात आणि प्रुसास्लायसरमध्ये ४५ चे ६० केले की वाढतात. एकाच वर्गात दोन प्रिंटर, एकच पुस्तिका, आणि त्या वाक्याने अर्धा वर्ग चुकीच्या बाजूला गेला असता.

४५ हा आकडा येतो कुठून, हेही निदेशकांनी फळ्यावर दाखवलं. थर ०.२ जाडीचा आणि धागा ०.४ रुंदीचा धरा. भिंत उभ्या रेषेपासून ४५ अंश झुकली की प्रत्येक नवा थर खालच्यापेक्षा ०.२ ने पुढे सरकतो. निम्मा धागा अजून खालच्यावर टेकलेला असतो. ६० अंश झुकली की तो ०.३५ ने पुढे जातो आणि खाली टेकायला जेमतेम ०.०५ उरतो. धागा गोठण्याआधीच वाकतो आणि खालची बाजू खडबडीत होते. पण थराची जाडी ०.१ केली तर त्याच ६० अंशांना धागा ०.१७ नेच सरकतो आणि निम्म्याहून जास्त टेकलेला राहतो. म्हणजे ४५ हा काही निसर्गनियम नाही. तो थराची जाडी, धाग्याची रुंदी आणि पंख्याच्या गार वाऱ्यावर हलतो.

"थराची जाडी," बाई म्हणाल्या. "इथे 'उंची' लिहिलं असतं तर हा हिशोब वाचताना तुमचा पोरगा पुन्हा विचारणार होता, कुठल्या थराची."

वाक्य दोघांनी मिळून पुन्हा लिहिलं, आणि ते लांब झालं: 'भिंत उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त बाहेर झुकत असेल, तर तिच्याखाली टेकू लागण्याची शक्यता धरावी, स्लायसरमध्ये आकडा घालण्यापूर्वी तो कोन उभ्यापासून मोजतो की आडव्यापासून हे पाहावं.' बाईंना ते बोजड वाटलं आणि परीक्षेत एवढं वाक्य छापायला जागा मिळणार नाही याची त्यांना काळजी होती. निदेशक म्हणाले, परीक्षेत आकृती द्या. बाई म्हणाल्या, पर्यायी उत्तरांच्या प्रश्नपत्रिकेत आकृती बसवून घेणं किती जिकिरीचं असतं ते तुम्हाला माहीत नाही. यावर तोडगा निघाला नाही. पहिल्या आठवड्याच्या प्रात्यक्षिकात मात्र एक नग ठरला. एका खांबाला ३० ते ७० अंशांपर्यंत दर दहा अंशांनी झुकत गेलेले पाच पंख. तो विनासपोर्ट दोनदा छापायचा, एकदा ०.२ आणि एकदा ०.१ जाडीच्या थराने. कुठल्या पंखाची खालची बाजू बिघडायला लागली तो कोन प्रत्येकाने आपल्या वहीत लिहायचा, आणि शेजारी 'उभ्यापासून' असंही लिहायचं.